एमआरपीतून करापूर्वीची किंमत कशी काढायची: रेडिमेड कपड्यांच्या दुकानातला उलटा हिशोब

दुकान सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात मी सरकारला ४,२४० रुपये जास्त भरायला निघाले होते. सगळ्या टॅगांवर ‘सर्व करांसहित’ किंमत होती, गल्ल्यात तीच रक्कम जमा होत होती आणि महिनाअखेरीला जीएसटी रिटर्नसाठी करापूर्वीची विक्री हवी होती. मी कॅल्क्युलेटर घेतला आणि ५ टक्क्यांच्या मालातून ५ टक्के, १८ टक्क्यांच्या मालातून १८ टक्के वजा केले. आमचे कर सल्लागार काका वही बघून एवढंच म्हणाले, “ताई, वजा करायचं नसतं, भागायचं असतं.”

तो एक शब्द कळायला दोन मिनिटं लागली. पण त्याच्या आजूबाजूला जे खड्डे आहेत ते कळायला वर्ष गेलं. कपड्यांच्या धंद्यात तर एक खड्डा असा आहे की उत्तरच निघत नाही. कपड्यांचं किंवा चपलांचं दुकान नव्याने टाकत असाल, किंवा कुणाच्या दुकानात बिलिंगला बसणार असाल, तर खाली दिलेल्या क्रमाने जा.

सुरुवातीला जवळ काय हवं

- वस्तूचा टॅग किंवा पावती, म्हणजे ग्राहकाने प्रत्यक्ष दिलेली रक्कम
- बिलाची तारीख (का, ते पायरी २ मध्ये येईल)
- मालाचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीतला मालाच्या वर्गवारीचा क्रमांक. शिवलेले कपडे ६१ आणि ६२ या प्रकरणांत येतात
- साधा कॅल्क्युलेटर, किंवा एक्सेलची एक शीट
- आपण नियमित करदाते आहोत की कंपोझिशनमध्ये, याची खात्री

शेवटचा मुद्दा इथेच संपवते. दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर ग्राहकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. टॅक्स इन्व्हॉइस नव्हे, बिल ऑफ सप्लाय द्यायचं आणि उलाढालीवर ठरलेल्या दराने कर स्वतःच्या खिशातून भरायचा. तिथे हा उलटा हिशोब लागू नाही. पुढचं सगळं नियमित करदात्यांसाठी आहे.

## १. वजाबाकी विसरा, भागाकार करा

१,००० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के कर लावला की १,१८० होतात. आता १,१८० मधून १८ टक्के वजा करून बघा. १,१८० चे १८ टक्के म्हणजे २१२.४०. उरले ९६७.६०. पुन्हा हजार आले नाहीत, कारण कर लावताना १८ टक्के हजाराचे होते आणि काढताना आपण ते ११८० चे काढले. टक्का तोच, पण ज्याचा टक्का काढला ती रक्कम बदलली.

मूळ किंमत १०० धरली तर ग्राहक ११८ देतो. म्हणून त्याने दिलेल्या रकमेचे ११८ भाग करायचे. त्यातले १०० आपले, १८ सरकारचे. सीजीएसटी नियमांतला नियम ३५ हेच सूत्र देतो:

```
कर = करासह रक्कम × दर ÷ (100 + दर)
मूळ किंमत = करासह रक्कम × 100 ÷ (100 + दर)
```

माझ्या पहिल्या महिन्याचे आकडे सोयीसाठी गोल करून सांगते. ५ टक्क्यांच्या मालाचे ४,२०,००० रुपये आले होते आणि १८ टक्क्यांच्या मालाचे १,१८,०००. बरोबर कर २०,००० आणि १८,०००, एकूण ३८,०००. मी काढला होता २१,००० आणि २१,२४०, एकूण ४२,२४०. वजाबाकीची चूक नेहमी दुकानदाराच्याच अंगावर येते, म्हणून ती पकडायला कुणी येत नाही. नोटीस येत नाही, ग्राहक तक्रार करत नाही, फक्त नफा झिरपत राहतो.

काउंटरवर तोंडी हिशोबासाठी एक सोय आहे. ५ टक्क्यांच्या मालात ५ भागिले १०५ म्हणजे बरोबर एकविसावा भाग. ८४० चा कुर्ता असेल तर ८४० भागिले २१, कर ४०, मूळ किंमत ८००. १८ टक्क्यांना इतकं सोपं काही नाही. ५९ ने भागून ९ ने गुणावं लागतं. तिथे मी सरळ कॅल्क्युलेटर उचलते.

दुसरी चूक जरा हुशार माणसं करतात. बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ असं वेगवेगळं दिसतं, म्हणून ते आधी १.०९ ने भागतात आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १.०९ ने. १,१८० चे असे ९९३.१८ येतात. हे दोन्ही कर एकाच मूळ किमतीवर लागतात, एकमेकांवर चढत नाहीत. म्हणून दोन्ही दर आधी मिळवा आणि एकदाच भागा. दुसऱ्या राज्यात माल पाठवताना आयजीएसटी लागतो, तेव्हाही एकूण दर तोच असल्याने भागाकार तोच.

## २. दर कोणता, हे तारखेवरून आणि मालावरून ठरवा

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालासाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. शिवलेल्या कपड्यांना आता नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. त्याआधी ही सीमा १,००० रुपये होती आणि वरचा दर १२ टक्के. चपला-बुटांनाही आता जोडीला २,५०० हीच सीमा आहे.

म्हणून जुनं बिल उलटं सोडवायचं असेल तर त्या दिवशीचा दर घ्या. ऑगस्ट २०२५ मधलं १,३४४ चं बिल १.१२ ने भागायचं, मूळ किंमत १,२०० येते. आजच्या दराने १.०५ ने भागलं तर १,२८० येईल आणि ते चूक आहे. ग्राहकाने जुन्या बिलावरचा माल परत आणला, तर क्रेडिट नोटही मूळ बिलाच्या दरानेच करायची. दर बदलल्यावर पहिले काही आठवडे आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झाला.

साडीचं मात्र वेगळं. साडी ही शिवलेल्या कपड्यांत नव्हे, कापडात मोजली जाते, म्हणून तिला नगाची सीमा नाही. १२,६०० ची पैठणीसुद्धा ५ टक्क्यांतच: मूळ किंमत १२,०००, कर ६००. नवीन मुलं बिलिंगला बसली की महागाची साडी बघून हमखास १८ टक्के टाकतात.

## ३. सवलत आधी, भागाकार नंतर

सीमा ठरते ती टॅगवरच्या किमतीवरून नाही. ज्या किमतीला वस्तू खरोखर विकली, ती किंमत कर वगळून २,५०० च्या आत आहे का, हे बघायचं असतं. बिलावर दाखवलेली सवलत त्यातून आधीच वजा होते.

३,४९९ चा शर्ट घ्या. सवलत नसेल तर १.१८ ने भागून २,९६५.२५ येतात. हे २,५०० च्या वर आहेत, म्हणजे १८ टक्के बरोबर.

तोच शर्ट दिवाळीत ३० टक्के सवलतीने दिला. ग्राहकाने दिले २,४४९.३०. आता १.०५ ने भागा: २,३३२.६७. हे २,५०० च्या आत बसतात, म्हणून दर ५ टक्के आणि कर ११६.६३. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या शर्टाला कायमचा १८ टक्के चिकटवून ठेवला असेल तर ते ३७३.६२ कर काढेल. एका शर्टामागे २५७ रुपये उगाच गेले. म्हणून सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा: सवलतीनंतरच्या किमतीप्रमाणे दर आपोआप बदलतो का? ‘हो’ म्हणाला तर त्याच्यासमोरच असा एक शर्ट बिल करून बघा.

## ४. चकवा: २,६२५ ते २,९५० मधले टॅग

आता तो खड्डा. एका पुरवठादाराकडून आलेल्या जॅकेटांवर २,७९९ चा टॅग होता. मी बिल करायला बसले.

५ टक्के धरून भागलं: २,७९९ भागिले १.०५ म्हणजे २,६६५.७१. हे तर २,५०० च्या वर गेलं, म्हणजे ५ टक्के लागू नाही, १८ लागेल. ठीक, १.१८ ने भागलं: २,३७२.०३. पण हे २,५०० च्या आत आलं, म्हणजे १८ लागू नाही, ५ लागेल. पुन्हा ५ धरलं की पुन्हा वर. रानात चकवा लागल्यावर माणूस फिरून त्याच झाडाखाली येतो म्हणतात, तसंच झालं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. दुसरा कॅल्क्युलेटर आणला.

चूक माझी नव्हती, आकड्यांतच पोकळी आहे. ५ टक्क्यांत बसणारी सगळ्यात मोठी मूळ किंमत २,५००, तिची करासह किंमत २,६२५. मूळ किंमत २,५०० च्या जरा जरी वर गेली की १८ टक्के लागतो आणि करासह किंमत एकदम २,९५० च्या वर उडी मारते. मधल्या पट्ट्यात मूळ किमतीपासून सुरुवात करून पोचताच येत नाही. तिथला टॅग उलटा सोडवायला गेलं तर नियमाला धरून एकही उत्तर मिळत नाही. जुन्या दरांतही अशी पोकळी होती, १,०५० ते १,१२० मध्ये, पण ती अरुंद होती आणि वरचा दर बाराच असल्याने फारशी टोचत नसे. आताची सव्वातीनशे रुपयांची आहे.

मग करायचं काय? या पट्ट्यात विकायचंच नाही. आकडे शेजारी ठेवले की निर्णय सोपा होतो:

| विक्री किंमत | दर | दुकानाला उरलेली मूळ किंमत |
|---|---|---|
| २,५९९ | ५ टक्के | २,४७५.२४ |
| २,७९९ | १८ टक्के धरला तर | २,३७२.०३ |
| २,९९९ | १८ टक्के | २,५४१.५३ |

२,७९९ ला १८ टक्के लावून विकण्यापेक्षा २,५९९ ला विकून दुकानाच्या हाती १०३ रुपये जास्त पडतात, आणि ग्राहकाचे २०० वाचतात. २,५९९ ऐवजी २,९९९ केलं तर ग्राहक ४०० जास्त देतो, आपल्याला त्यातले जेमतेम ६६ मिळतात. मी ती सगळी जॅकेटं २,५९९ ला लावली. टॅग छापील असेल तरी हरकत नाही, एमआरपी ही कमाल किंमत आहे, खाली विकायला कुणाची ना नाही. फक्त सवलत बिलावर दिसली पाहिजे. २,७९९ च्या जॅकेटवर १७४ रुपयांची सवलत दाखवलीत तर विक्री २,६२५, मूळ किंमत बरोबर २,५०० आणि कर १२५.

खरेदीला जाल तेव्हाही हा पट्टा लक्षात असू द्या. पुरवठादार “एमआरपी अठ्ठावीसशे, मार्जिन भरपूर” म्हणत असेल, तर त्यातलं किती मार्जिन चकव्यात जाणार ते तिथेच मोजा.

## ५. पैशांचा मेळ घाला

भागाकार क्वचितच नेमका सुटतो. ७९९ चा कुर्ता घेऊ. १.०५ ने भागून ७६०.९५२३… येतात, म्हणून मूळ किंमत ७६०.९५. त्यावर सीजीएसटी अडीच टक्के १९.०२, एसजीएसटीही १९.०२. बेरीज केली तर ७९८.९९. एक पैसा गायब!

तो शोधत बसू नका. बिलाच्या तळाशी ‘राउंड ऑफ’ची ओळ असते, तिथे ०.०१ टाका आणि ७९९ करा. उलट बाजूने, आधी कर काढून (३८.०५) त्याचे दोन भाग करायला गेलात तर एकीकडे १९.०२ आणि दुसरीकडे १९.०३ येतील, आणि दोन्ही कर सारखे नसले की सॉफ्टवेअर आणि सल्लागार दोघेही कुरकुरतात. म्हणून क्रम कायम असा ठेवा: आधी मूळ किंमत दोन दशांश स्थळांपर्यंत, मग त्यावर दोन्ही कर वेगवेगळे, आणि उरलेला पैसा राउंड ऑफमध्ये.

आमच्या दुकानातली एक्सेलची शीट अशी आहे. `A` मध्ये सवलतीनंतरची नगाची किंमत, `B` मध्ये दर, `C` मध्ये मूळ किंमत, `D` मध्ये एकेक कर, `E` मध्ये राउंड ऑफ. ही सूत्रं दुसऱ्या ओळीसाठी आहेत, खाली ओढली की पुढच्या ओळींना लागतात:

```
B2: =IF(A2<=2625,5,IF(A2>2950,18,"CHECK"))
C2: =ROUND(A2/(1+B2/100),2)
D2: =ROUND(C2*B2/200,2)
E2: =ROUND(A2-C2-2*D2,2)
```

चकव्यातली किंमत टाकली की `B` मध्ये CHECK येतं आणि पुढच्या रकान्यांत `#VALUE!` दिसतं. ते मुद्दाम तसं ठेवलंय. बिल पुढेच सरकलं नाही की माणूस किंमत बदलतो. साडीच्या ओळीत मात्र `B` चं सूत्र पुसून हाताने ५ टाका.

## ६. एका बिलात अनेक दर असतील तर ओळीओळीने सोडवा

ग्राहकाने ७९९ चा कुर्ता आणि ३,४९९ चा शर्ट घेतला, एकूण ४,२९८. ही बेरीज कुठल्याच एका आकड्याने भागून चालणार नाही. कुर्त्याची ओळ १.०५ ने, शर्टाची १.१८ ने: ७६०.९५ आणि २,९६५.२५, मूळ किंमत मिळून ३,७२६.२०. आणखी एक गोष्ट: सीमा नगाला आहे, बिलाला नाही. ९९९ चे तीन टॉप घेतले आणि बिल २,९९७ झालं तरी प्रत्येक टॉप ५ टक्क्यांतच.

याच कारणाने दिवसाच्या गल्ल्यावरून कर काढता येत नाही. यूपीआयचे एवढे, रोख एवढे, ही बेरीज बँकेशी ताळा जुळवायला ठीक आहे, पण त्यात कुठला रुपया पाचातला आणि कुठला अठरातला ते कळत नाही. मी सुरुवातीला वहीत फक्त दिवसाची एकूण विक्री लिहायचे; महिनाअखेर सगळी बिलं पुन्हा उपसावी लागली. निदान दोन रकाने करा, एक ५ चा, एक १८ चा. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये किरकोळ ग्राहकांची विक्रीसुद्धा दरानुसारच द्यावी लागते.

## ७. उलटा ताळा घेऊन बघा

मिळालेल्या मूळ किमतीवर पुन्हा कर लावा. टॅगची रक्कम एक-दोन पैशांच्या फरकाने परत आली पाहिजे. रुपयांचा फरक आला तर बहुतेक वेळा यातलं एक झालेलं असतं: भागायच्या ऐवजी वजा केलं, दोनदा भागलं, किंवा जुन्या-नव्या दराची गल्लत झाली. हजारामागे ३२ रुपये कमी दिसत असतील तर डोळे मिटून समजा की १८ टक्के वजा केलेत. ५ टक्क्यांत तीच चूक हजारामागे अडीच रुपयांची असते, म्हणून ती राउंड ऑफच्या आड लपते. फरक रुपयाच्या वर गेला की मी राउंड ऑफमध्ये टाकत नाही, ओळ पुन्हा तपासते.

ग्राहक म्हणून बिल बघत असाल तरी हाच ताळा कामाला येतो. टॅगवर ‘सर्व करांसहित’ लिहिलं असताना दुकानदार वर आणखी जीएसटी लावत असेल, तर ते चूक आहे. कर टॅगच्या आतच आहे. आधी टॅग दाखवून बोला. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि पेट्रोल किंवा दारूच्या बिलावर हे सूत्र चालवू नका. ती दोन्ही जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यांच्या किमतीत वेगळेच कर असतात. आमच्या ह्यांनी एकदा पंपाच्या पावतीला १.१८ ने भागून गाडीचा खर्च मांडला होता. तो कागद काकांनी दुकानात खिळ्याला अडकवून ठेवलाय.